मॅडमच्या निरोपभेटीची वर्गणी काढताय? या चुका टाळा

ऑफिसातल्या निरोपभेटीचा घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सुरू होतो. वस्तू आधी ठरते आणि मग तिच्या किमतीला माणसांच्या संख्येने भागलं जातं. सगळ्यांना सारखी रक्कम म्हणजे न्याय, असं वरवर वाटतं खरं. पण चौदा जणांचा पगार सारखा नसतो, मग वर्गणी सारखी कशी असेल?

रावपुऱ्यातल्या एका हिशेबाच्या ऑफिसचं उदाहरण घेऊ. चौदा माणसं, निम्मे मराठी, निम्मे गुजराती. मॅनेजर मॅडम महिनाअखेरीस पुण्याला जाणार. कुणीतरी सुचवलं की बडोद्याची आठवण म्हणून संखेड्याचा झोपाळा देऊ. कल्पना सगळ्यांना आवडली, कारण संखेडा इथून जवळ आणि त्या लाखकामाचा आपल्या सगळ्यांनाच अभिमान. दुकानात भाव निघाला २१,००० रुपये. भागाकार केला, माणशी १,५०० आले. एका सीनियरने ग्रुपवर लगेच लिहिलं, "डन." पाठोपाठ चार अंगठे आले आणि मग ग्रुप गप्प झाला.

ही शांतता ओळखायला शिका. ज्यांना परवडतं ते पहिल्या तासातच होकार देतात. ज्यांना जड जातं ते नकार देत नाहीत. ते "बघतो", "पगार झाला की" म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. कंत्राटावरचा डेटा एंट्रीवाला मुलगा आणि चहा-फायलींचं बघणारे काका, दोघांचाही महिना तेरा-चौदा हजारांत चालतो. त्यांना १,५०० म्हणजे महिन्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त. ते पैसे देतीलही, पण कुणाकडून तरी उसने घेऊन. मॅडमना हे कळलं तर त्यांना तो झोपाळा गोड लागेल का?

पहिली चूक: वस्तू आधी, पैसे मागून

क्रम उलटा करा. आधी पैसे जमवा, मग जमतील तेवढ्यात वस्तू बघा. पण काहीच अंदाज नसेल तर दुकानात काय विचारणार? म्हणून ढोबळ आकडा काढायचा, आणि तो सरासरी पगारावरून काढायचा नाही. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला दुसऱ्या दिवशी आठवण येणार नाही अशा रकमेवरून काढायचा. या ऑफिसात ती रक्कम १०० ते २०० रुपये होती. चौदा गुणिले २०० म्हणजे २,८००. याच्या आसपासच्या दोन वस्तू मनात ठेवायच्या, एक थोडी स्वस्त, एक थोडी महाग. जमेल तशी त्यातली एक घ्यायची.

"यथाशक्ती द्या" एवढंच लिहिलं तर काम होत नाही. लोक शेजारच्या टेबलवर जाऊन विचारतात, "तू किती देतोयस?" मग पहिल्या दोघा-तिघांचा आकडा हाच दर होऊन बसतो. त्यापेक्षा खालची आणि वरची, अशा दोन्ही हद्दी सांगा. वरची हद्द तर सांगायलाच हवी. एका माणसाने २,००० टाकले की बाकीच्यांचे १०० आपोआप केविलवाणे दिसू लागतात आणि वस्तूही त्याच्याच आवडीची निवडली जाते. ज्याला मनापासून जास्त द्यायचं आहे त्याने मॅडमच्या घरी जाऊन स्वतःच्या नावाने द्यावं, त्याला कुणाची हरकत नाही. सामूहिक भेटीत मात्र हद्द पाळावी.

ग्रुपवर टाकायचा निरोप साधारण असा असू दे:

"मंडळी, मॅडमसाठी आपण सगळे मिळून एक भेट घेतोय. ५० ते ५०० यांत जे सोयीचं असेल ते द्या, ५०० च्या वर नको. या महिन्यात जमणार नसेल तरी चालेल, कार्डावर सही मात्र सगळ्यांचीच हवी. डबा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रिसेप्शनच्या कपाटात आहे. कुणी किती दिले हे विचारणार नाही आणि सांगणार नाही."

"जमणार नसेल तरी चालेल" हे वाक्य निरोपातच हवं. मागाहून एखाद्याला बाजूला घेऊन "तू नको देऊस रे" असं सांगणं जास्त लागतं. आणि हा निरोप पाठवण्याआधी त्या ग्रुपमध्ये मॅडम स्वतः नाहीत ना, ते बघून घ्या.

दुसरी चूक: यादी सगळ्यांसमोर

नावापुढे रक्कम लिहिलेली यादी ग्रुपवर फिरवणं हा सगळ्यात जास्त दुखावणारा प्रकार. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हिशेब पारदर्शक राहावा इतकाच. पण त्या यादीत ज्याच्या नावापुढे फक्त १०० लिहिलेले असतात त्याला ती महिनाभर आठवते. पैशाच्या ॲपमधली खर्च वाटून घेण्याची सोय इथे वापरू नका. मित्रांच्या जेवणाच्या बिलाला ती ठीक आहे, पण ती मुळात ठरलेली रक्कम वाटून देण्यासाठी आहे, आणि कुणी भरले, कुणी नाही हे त्यात उघड दिसत राहतं. ॲपवरून एकेकाला पैशांची मागणी पाठवायची जुनी सवय असेल, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर व्यक्तीने व्यक्तीला तशी मागणी पाठवणं बंद झालं आहे. या कामापुरतं ते बरंच झालं, कारण फोनवर वाजणारी मागणी म्हणजे तगादाच.

सगळ्यात सोपा मार्ग जुनाच आहे. झाकणाला फट असलेला डबा आणि चौदा सारखी कोरी पाकिटं. प्रत्येकाने पाकीट टाकायचं, रिकामं टाकलं तरी चालेल. बाहेरून सगळी पाकिटं सारखीच, म्हणून कुणी किती दिले आणि दिले की नाही, हे कळत नाही. नाणी मात्र टाकू नका म्हणावं, हाताला लगेच लागतात. रोकड जवळ नसते अशी तक्रार येईल. मग एकाच व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवायची मुभा द्या. त्या एकीला रकमा दिसणारच, म्हणून ती व्यक्ती विचारपूर्वक निवडा. पगार ठरवणारा किंवा रजा मंजूर करणारा माणूस ती नसावा. तिने जमलेले पैसे पाकिटात घालून डब्यात टाकायचे आणि मग दोघांनी मिळून डबा उघडायचा. दोघं असले की हिशेबावर कुणी बोट ठेवत नाही आणि नावंही बाहेर जात नाहीत.

रावपुऱ्यातल्या त्या ऑफिसने झोपाळा सोडला आणि याच पद्धतीने पुन्हा सुरुवात केली. दोन पाकिटं रिकामी निघाली. तिघांचे १००, चौघांचे २००, दोघांचे ३०० आणि तिघांचे ५००. एकूण ३,२००.

कमी भरले तर दुसरी फेरी काढू नका. "अजून थोडे थोडे टाका" म्हटलं की ज्यांनी पोटाला चिमटा काढून दिले त्यांच्यावरच पुन्हा ओझं पडतं. मग मनात ठेवलेली स्वस्त वस्तू घ्यायची, बस.

तारखेचंही तेवढंच महत्त्व आहे. तिथे पगार ७ तारखेला होतो. निरोपसमारंभ २८ ला असला तरी डबा ८ ते १२ च्या दरम्यान फिरवायला हवा. विसाव्या तारखेनंतर तेच १०० रुपये वेगळे असतात.

तिसरी चूक: आपल्याला हवं ते देणं

झोपाळा देखणा असतो, पण पुण्याच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तो टांगणार कुठे, आणि सामानाच्या टेम्पोत त्याचं भाडं कोण देणार? बदली होऊन जाणाऱ्या माणसाला देताना वजन, फुटण्याची भीती आणि नव्या घरातली जागा या तीन गोष्टी आधी बघा. काचेचं, मोठ्या फ्रेमचं आणि "आमची आठवण" असं कोरलेलं सहसा टाळावं. कोरलेली वस्तू बदलूनही घेता येत नाही.

संखेड्याचंच द्यायचं होतं म्हणून त्यांनी छोटा बाजोठ, म्हणजे आपला चौरंग, निवडला. २,६५० रुपयांना मिळाला. गौरी-गणपतीला वापरात येईल आणि एका पिशवीत मावेल असा. संखेड्याचं काम घेताना पाय खरादावर घडवलेले आहेत ना आणि लाकूड सागवानी आहे ना, हे विचारा. नक्षी हाताने काढलेली असेल तर दोन पायांवरची वेल हुबेहूब सारखी नसते, थोडा फरक दिसतो. अगदी छापल्यासारखी दिसली तर स्टिकर नाही ना, हे नखाने कडेला तपासा. आणि भेटीबरोबर एक चिठ्ठी घाला: लाखेचं काम असेल तर त्यावर गरम भांडं ठेवायचं नाही, लाख उष्णतेने मऊ पडते.

सरकारी ऑफिसात असाल तर

तिथे हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत, नियम १४ खाली स्पष्ट म्हटलं आहे की निरोपसमारंभ खासगी आणि अनौपचारिक असला तरी त्यासाठी वर्गणी द्यायला कुणावरही दबाव आणायचा नाही. वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या अशा समारंभासाठी तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी तर कोणत्याही परिस्थितीत घ्यायची नाही. खासगी कंपनीत असा नियम नसला तरी त्यामागचं कारण तेच आहे: साहेबासाठी हाताखालच्याकडे पैसे मागितले की "नाही" म्हणणं त्याला अवघड जातं. काही कंपन्यांत वरिष्ठांना द्यायच्या भेटीवर मर्यादा असते. एचआरला आधी एकदा विचारून घ्या.

चौथी चूक: कार्ड आणि हिशेब

कार्डावर फक्त पैसे देणाऱ्यांची नावं, असं कधीही करू नका. कार्ड डब्याबरोबर फिरवू नका, तो उघडण्याच्या आधीच फिरवून घ्या, म्हणजे सही आणि पैसे यांचा संबंध लागत नाही. रजेवर असलेल्याची सही राहिली तर त्याला फोन करून त्याची ओळ विचारा आणि त्याच्या नावाने लिहा.

वस्तू घेतल्यावर ग्रुपवर फक्त बेरीज टाका, बिलाच्या फोटोसकट: जमा ३,२००, बाजोठ २,६५०, कार्ड ५०, पॅकिंग आणि रिक्षा २१०, शिल्लक २९०. ती शिल्लक निरोपाच्या दिवशीच्या चहात घातली, हेही त्याच निरोपात सांगून टाकायचं. डबा सांभाळणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भर घालू नये. एकदा घातली की पुढच्या निरोपाला लोक ती गृहीत धरतात. मूळ बिल फाडू नका. बाजोठाला पुण्यात पोचेपर्यंत चीर गेली तर ते दुकानात दाखवावं लागेल.