बारावीचे जुने पेपर गटात वाटून घेताय? या चुका टाळा

प्रिलिम जवळ आली की कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत चार-पाच जणांचे गट दिसायला लागतात. बेत सगळ्यांचा सारखाच असतो. फिजिक्सचा जुना बोर्डाचा पेपर घ्यायचा, प्रश्न वाटून घ्यायचे, ज्यानं त्यानं आपला प्रश्न सोडवायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. बेत चांगला आहे, आणि नीट पाळला तर एकट्यानं केलेल्या अभ्यासापेक्षा जास्त पदरात पडतं. पण वर्षानुवर्षं त्याच त्या चुका होतात. त्यातली एक इतकी मोठी आहे की ती एकटीच सगळी मेहनत वाया घालवते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

ऐकणाऱ्यानं प्रश्नाला हातच लावलेला नसतो

सेक्शन सीमधला, तीन गुणांचा एक नेहमीचा प्रश्न घ्या. साबणाच्या फुग्याची त्रिज्या २ सेंमीवरून ४ सेंमी केली, साबणाच्या द्रावणाचा पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर आहे, तर किती कार्य करावं लागलं?

चार जणांच्या एका गटात हा प्रश्न ज्या मुलाकडे आला, त्यानं घरी गाइड उघडून उत्तर पाहिलं, वहीत नीट उतरवलं आणि बैठकीत फळ्यावर मांडलं:

```
W = 8πT(r₂² − r₁²)
  = 8 × 3.142 × 0.03 × (16 − 4) × 10⁻⁴
  = 9.05 × 10⁻⁴ J
```

एकही चूक नाही. तीन मिनिटांत शिकवून झालं, तिघांनी माना डोलावल्या, वहीत उतरवून घेतलं आणि पुढचा प्रश्न सुरू केला. आठवड्यानं दुसऱ्या पेपरातला प्रश्न आला: १ मिमी त्रिज्येचे पाण्याचे आठ थेंब एकत्र येऊन एक मोठा थेंब झाला, पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर, तर किती ऊर्जा मोकळी झाली? चौघांनीही 8π वापरलं. चौघांचं उत्तर ७.२४ × १०⁻⁶ ज्यूल. ज्यानं शिकवलं होतं, त्याचंही तेच.

बरोबर उत्तर त्याच्या निम्मं आहे. साबणाचा फुगा म्हणजे पातळ पापुद्रा. त्याच्या आत हवा असते आणि बाहेरही हवा, म्हणून पृष्ठभाग दोन, आणि 4π चं 8π होतं. थेंब आतून भरलेला असतो, त्याला पृष्ठभाग एकच. मोठ्या थेंबाचं आकारमान आठपट, म्हणून त्रिज्या दुप्पट, म्हणजे २ मिमी. क्षेत्रफळात घट 4π × (8 × 1 − 4) × १०⁻⁶ चौरस मीटर, आणि ऊर्जा ३.६२ × १०⁻⁶ ज्यूल. चौघांच्या वहीत सूत्र होतं, पण त्यातला दोन कुठून आला हे एकालाही कळलेलं नव्हतं. कारण तो प्रश्न मुळात कुणीच सोडवला नव्हता. एकानं उतरवला होता आणि तिघांनी ऐकला होता.

म्हणून नियम असा ठेवा: शिकवणारा तोंड उघडण्याआधी बाकीच्यांनी तो प्रश्न गप्प बसून आठ मिनिटं सोडवायचा. आठच का? पेपर ७० गुणांचा आणि वेळ १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटांच्या आसपास. तीन गुणांना आठ मिनिटं हीच परीक्षेतली खरी चाल आहे. उत्तर आलं नाही तरी चालेल, पण कुठे अडलं ते वहीत दिसलं पाहिजे.

मग शिकवणाऱ्यानं फळ्याकडे न वळता आधी तिन्ही वह्या पाहायच्या. फुग्याच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या चुका सापडतात. एकानं 4π घेतलेलं असतं, उत्तर निम्मं येतं. दुसऱ्यानं वर्गांच्या वजाबाकीऐवजी वजाबाकीचा वर्ग केलेला असतो, म्हणजे १६ वजा ४ च्या जागी (४ − २)², आणि बाराचे चार होऊन उत्तर एक तृतीयांश येतं. तिसऱ्यानं सेंटिमीटरचे मीटर केलेले नसतात, त्याचं उत्तर ९ ज्यूलच्या वर जातं. त्याला एवढंच विचारा की एक किलोची पिशवी जमिनीवरून जवळपास टेबलाइतकी उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी साबणाचा फुगा फुगवायला लागेल का? पुढच्या वेळी उत्तर लिहिण्याआधी तो स्वतःच थांबतो. हे तीन अडलेले मुद्दे म्हणजेच शिकवण्याचा मजकूर. जे तिघांनाही आलं आहे, ते फळ्यावर पुन्हा लिहिण्यात वेळ घालवू नका.

‘समजलं का?’ विचारून पुढे जाणं

या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं आणि त्याला काही अर्थ नसतो. समोरचा खोटं बोलत नसतो. नुकतंच कानावर पडलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा समज होतो.

त्याऐवजी शिकवणाऱ्यानं घरून येताना एक बदललेला प्रश्न तयार करून आणायचा. आकडे बदलून उपयोग नाही, त्यातली एक अट बदलायची. फुग्याच्या जागी थेंब. थेंबाच्या जागी पाण्यात खोल असलेला हवेचा बुडबुडा. तो दिसतो फुग्यासारखा, पण बाहेर पाणी आणि आत हवा असल्यामुळे त्याला पृष्ठभाग एकच असतो. ‘यात 8π येईल की 4π?’ एवढं विचारलं तरी अर्ध्या मिनिटात खरं काय ते कळतं. ज्याला अट बदलून प्रश्न तयार करता येत नाही, त्याला स्वतःलाच तो प्रश्न अजून समजलेला नाही. मग त्यानं त्या दिवशी शिकवू नये, पुढच्या बैठकीत शिकवावं. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट जवळजवळ सगळे गट टाळतात. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला मागच्या चारपैकी दोन प्रश्न चिठ्ठीनं काढून वही न उघडता सोडवायचे. कंटाळवाणं वाटतं, ‘झालंय की हे’ म्हणून सोडून दिलं जातं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून उतारे वाचून घेतले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. गटातल्या बैठकीनंतर लगेच सगळं येतंय असं वाटतं ते त्या पाच मिनिटांच्या चाचणीसारखं आहे, आणि बोर्डाचा पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

आपल्याला जमतो तो प्रश्न घेणं

ज्याला करंट इलेक्ट्रिसिटी आवडते तो तोच प्रश्न उचलतो, आणि ज्याला रोटेशन जमत नाही तो दर आठवड्याला तिथून निसटतो. महिन्याभरानं हुशार होता तो त्याच धड्यात आणखी हुशार होतो, कच्चा होता तो तसाच राहतो. वाटणी चिठ्ठ्या टाकून करा. आणि एखाद्या धड्यात कुणी कच्चा आहे हे सगळ्यांना माहीत असेल, तर त्या धड्यातला प्रश्न मुद्दाम त्यालाच द्या, फक्त दोन दिवस जास्त द्या. शिकवायचं आहे म्हटल्यावर माणूस ‘हे असं का?’ असं स्वतःलाच विचारतो. त्याचा सगळ्यात जास्त फायदा कच्च्यालाच होतो.

घरी सोडवताना क्रम पाळा. आधी गाइड बंद ठेवून आठ मिनिटं. मग पाठ्यपुस्तकातला तो भाग. त्यानंतर पुन्हा प्रयत्न. गाइड सगळ्यात शेवटी, तेही फक्त उत्तर पडताळायला. गाइडमधली पायरी तोंडपाठ करून आलेला मुलगा लगेच ओळखू येतो: मधल्याच एका ओळीवर ‘ही कुठून आली?’ विचारलं की तो वहीत खाली पाहतो.

एका बैठकीत अख्खा पेपर

सेक्शन सीमध्ये बारा प्रश्न असतात, त्यातले कोणतेही आठ लिहायचे. उत्साहात ठरतं, ‘चल, प्रत्येकी तीन, रविवारी सगळे संपवू.’ आता हिशोब करा. आठ मिनिटं गप्प सोडवणं, सात मिनिटं शिकवणं, पाच मिनिटं बदललेला प्रश्न: एका प्रश्नाला वीस मिनिटं. बारा प्रश्नांना चार तास, मध्ये चहासुद्धा नाही. तिसऱ्या प्रश्नानंतर आठ मिनिटांची दोन मिनिटं होतात, सहाव्यानंतर नुसती व्याख्यानं सुरू होतात, आणि पहिली चूक मागच्या दारानं परत येते.

चौघांच्या गटाला एका बैठकीत चार प्रश्न पुरे. ऐंशी मिनिटं प्रश्नांची, त्याआधी मागच्या दोन प्रश्नांची पंधरा-वीस मिनिटं. सेक्शन सी तीन बैठकींत होतो. ज्यांना घाई आहे त्यांना हे हळू वाटतं, पण त्यांच्या दहा पेपरांतलं शेवटी हातात किती उरतं, ते वही मिटून सोडवायला बसवल्यावर दिसतं. पाचवा माणूस गटात घेऊ नका. एक प्रश्न वाढतो आणि बोलण्यात एक जण नेहमी मागे राहतो.

सेक्शन एमधले एमसीक्यू वाटून शिकवण्यात अर्थ नाही. ते ज्यानं त्यानं घरी सोडवावेत आणि अडलेलेच बैठकीत आणावेत.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

वाट्टेल तो जुना पेपर घेऊ नका. बारावीचा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून बदलला आणि २०२१ ची परीक्षा रद्द झाली, म्हणून त्या अभ्यासक्रमाचा पहिला बोर्डाचा पेपर २०२२ चा. तोही कमी केलेल्या अभ्यासक्रमावर होता आणि त्याला अर्धा तास जास्त मिळाला होता, तेव्हा त्यावरून वेळेचा अंदाज बांधू नका. त्याआधीच्या पेपरांत गुरुत्वाकर्षण आणि स्थितिस्थापकतेचे प्रश्न सापडतील. ते धडे आता अकरावीत आहेत. पृष्ठताणाचे जुने प्रश्न मात्र खुशाल घ्या.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर बैठकीत बंद. परीक्षेत लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. आठ मिनिटांतली तीन लॉग टेबलात जातात हे आधीच कळलेलं बरं.

अभ्यासिकेत ही बैठक होत नाही. तिथे बोलायला मनाई असते आणि कुजबुजत शिकवलेलं कुणालाच नीट ऐकू येत नाही. कुणाच्या तरी घरची गच्ची किंवा सुट्टीनंतर रिकामा मिळालेला वर्ग बघा. जानेवारीत सकाळी सातला गच्चीवर बोटं गारठतात, तेव्हा नऊनंतर बसा.

डेरिव्हेशन शिकवताना आकृती आधी, सूत्र नंतर. आकृती न काढता सुरू केलेलं डेरिव्हेशन तिथेच थांबवा.

आणि एखादा जण आला नाही, तर त्याचा प्रश्न दुसऱ्यानं ऐनवेळी शिकवू नये. तो पुढच्या बैठकीत त्याच्याच नावावर राहू द्या. त्या दिवशी तीनच प्रश्न झाले तरी चालतील.