ढगांचं भूत एचडीआरमध्ये का शिरतं? ब्रॅकेटिंगमधल्या या चुका टाळा

पावसाळा ओसरताना, म्हणजे सप्टेंबर अखेर, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी ट्रायपॉड लावला की काय होतं ते बऱ्याच जणांना माहितीये. सूर्य बरोबर समोर, त्यामुळे पायाजवळचे खडक आणि गवत आपल्या बाजूने सावलीत, दरी काळपट, आणि आकाश एवढं उजळ की खडकांना धरून एक्स्पोजर घेतलं तर आकाश पांढरंफटक. म्हणून तीन फ्रेम घ्यायच्या आणि जोडायच्या, इथपर्यंत सगळं बरोबर. घरी येऊन मर्ज केलं की ढगांच्या कडा दुहेरी, मधेच मळकट करडे डाग, आणि मग सॉफ्टवेअर बदलून बघायचं, प्रीसेट बदलून बघायचे. पण यातलं निम्मं नुकसान कड्यावरच झालेलं असतं, ते कसं ते आधी बघू.

पहिली चूक: तीन फ्रेममधला वेळ न मोजणं

समजा २४ एमएमची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, फोटो ६००० पिक्सेल रुंद. दरीतून वर येणारा ढग तुमच्यापासून ५०० मीटरवर आहे आणि वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी, कड्यावर एवढा वारा काही विशेष नाही. हा ढग फ्रेममध्ये आडवा जात असेल तर सेकंदाला साधारण ८० पिक्सेल सरकतो. तोच वारा पण ढग ५ किमी लांब असेल तर फक्त ८ पिक्सेल. म्हणून क्षितिजावरचे ढग मर्जमध्ये नीट येतात आणि जवळचा धुक्याचा लोट मात्र फाटतो, एकाच फोटोत दोन्ही दिसतं आणि लोक बुचकळ्यात पडतात.

आता शटर बघा. सूर्य अजून वर आहे, f/8, आयएसओ १००, आकाशासाठी १/१२५, मग १/३०, मग १/८. तिन्ही मिळून सेकंदाचा पाचवा भागही नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी तेच १/८, १/२ आणि २ सेकंद होतं, म्हणजे अडीच सेकंदांच्या वर, जवळचा ढग तेवढ्यात २०० पिक्सेल गेला. इथे आयएसओ १०० ला चिकटून बसायचं काही कारण नाही, ४०० करा, सगळं पाऊण सेकंदाच्या आत येतं आणि आजकालच्या सेन्सरवर ४०० चा नॉइज सहज निभावतो. f/16 वर असाल तर f/8 वर या, आणखी चौपट वेळ वाचतो, फक्त पुढचा खडक फार जवळ असेल तर त्याचा फोकस एकदा तपासा.

आणि एकेक फ्रेम हाताने शटर दाबून घेऊ नका!! ऑटो ब्रॅकेटिंग लावा, सोबत कंटिन्यूअस ड्राइव्ह, रिमोट किंवा २ सेकंद टायमर (काही कॅमेऱ्यांत टायमरवर किती शॉट घ्यायचे ते वेगळं सेट करावं लागतं, गडावर जायच्या आधी घरीच बघून ठेवा). लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, कारण ते सुरू असलं तर लांब शटरच्या फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अजून खातो. ऑटो आयएसओ बंद, फोकस मॅन्युअल, छिद्र कायम, बदलायचं ते फक्त शटर.

सात-सात फ्रेम एकेक स्टॉपच्या अंतराने घेणं हीसुद्धा तीच चूक. रॉमध्ये शूट करत असाल तर दोन स्टॉपच्या अंतराने तीन पुरतात. सगळ्यात गडद फ्रेमचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकता कामा नये (सूर्याचं बिंब सोडून, ते जाणारच), आणि सगळ्यात उजळ फ्रेमचा डावीकडे चिकटलेला नको. दोन्ही जमलं की संपलं.

दुसरी चूक, आणि हीच खरी: आकाश मर्ज करणं

आकाशाचं सगळं डिटेल एकट्या गडद फ्रेममध्ये आहे. मग ते तीन फ्रेममधून गोळा कशाला करायचं? ब्रॅकेटिंग जमिनीसाठी करायचं, आकाश नेहमी एकाच फ्रेममधून घ्यायचं. हे एकदा डोक्यात बसलं की भुताचा प्रश्न जवळपास उरतच नाही.

लाइटरूममध्ये Photo Merge > HDR मध्ये Deghost Amount आहे, None पासून High पर्यंत. Show Deghost Overlay टिक करा, जिथे लाल दिसेल तिथे सॉफ्टवेअर एकाच फ्रेमवरून काम भागवतंय. लाल पट्टा एखाद्या झाडावर किंवा गवतावर असेल तर उत्तम. पण अख्खं आकाश तुकड्यातुकड्यांनी लाल झालं असेल तर High ने चकत्या पडतात, एका ढगात नॉइज जास्त, शेजारच्या ढगात कमी, रंगही जरा वेगळा. १०० टक्के झूम करून ढगाची उजळ कड बघा, तिथे करडी किनार किंवा दुसरी पुसट कड दिसली की समजायचं. Auto Align पण ट्रायपॉडवर बंद ठेवून बघा, कारण फ्रेमभर ढग असतील तर सॉफ्टवेअर खडकाऐवजी ढगांना धरून जुळवायला जातं आणि मग स्थिर खडकच दुहेरी दिसतो.

त्यापेक्षा असं करा. मधली आणि उजळ फ्रेम मर्ज करा, ही झाली जमीन. गडद फ्रेम वेगळी डेव्हलप करा आणि एक-दीड स्टॉप वर उचला, जमीन अर्धा स्टॉप खाली आणा, म्हणजे दोघांतली दरी कमी होते आणि जोड लपतो. आता दोन्ही फोटोशॉपमध्ये लेयर म्हणून, वर आकाश, Select > Sky ने मास्क. कड्याची धार कातळाची असल्यामुळे तिथे फेदर एक-दोन पिक्सेलच, पण लांब जिथे दरीतलं धुकं आणि आकाश एकमेकांत मिसळतं तिथे मोठ्या मऊ ब्रशने मास्क पसरवा, तिथे कडक रेघ आली की फोटो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गवताच्या पात्यांभोवती पांढरी किनार राहिली तर ती उजळ फ्रेममधल्या जळालेल्या आकाशाची असते, क्लोन स्टॅम्प Darken मोडवर ठेवून तेवढीच भरा.

आकाश वेगळ्या फ्रेममधून घेतल्याचा अजून एक फायदा आहे. एरवी सूर्य समोर असताना उजळ फ्रेममध्ये फ्लेअर पसरतो आणि खडक धुरकट होतात. नेहमीच्या तीन फ्रेम झाल्या की जमिनीसाठी मधल्या आणि उजळ एक्स्पोजरच्या दोन फ्रेम परत घ्या, लेन्ससमोर बोट धरून सूर्य झाका. बोट फोटोत आलं तरी हरकत नाही, त्यातलं आकाश आपण वापरतच नाही. खडकांचा काळा एकदम स्वच्छ येतो, करून बघाच.

हे सगळं कुठे चालत नाही

धुकं जेव्हा कड्याच्या धारेवरून *पुढे* येतं, म्हणजे खडकावरूनच वाहायला लागतं, तेव्हा मास्क कुठे काढायचा? प्रत्येक फ्रेममध्ये खडक वेगळा झाकलेला असतो, कुठेही कापलं तरी अर्धवट धुकं राहतं. अशा वेळी ब्रॅकेट ठेवा बाजूला. आकाश जळणार नाही अशी एकच रॉ फ्रेम घ्या, आयएसओ १०० वर, आणि तीच दोनदा डेव्हलप करा, एकदा आकाशासाठी, एकदा सावल्या तीन स्टॉप उचलून. क्षण एकच असल्याने भूत यायला जागाच नाही. नॉइज थोडा येतो, पण धुक्यात बारीक टेक्स्चर नसतंच, डीनॉइज बिनधास्त चालतं.

दुसरं म्हणजे ढगांच्या सावल्या. सकाळी पठारावर ऊन-सावली पळत असते, तिथे आकाश नाही तर जमीनच फ्रेमगणिक बदलते आणि मर्ज केलं की ऊन पण नाही सावली पण नाही असा मचूळ पट्टा पडतो. Deghost ला बऱ्याचदा हे कळत नाही, कारण सावलीची कड मऊ असते. तिथे थांबायचं, ऊन हव्या त्या जागी पडलं की तीन फ्रेम, परत थांबायचं, परत तीन, आणि स्क्रीनवर तिन्ही फ्रेम पटापट पुढे-मागे करून सावली जागेवर आहे ना ते गडावरच बघून घ्यायचं.