कार्यालयाच्या माहितीपत्रकातील तक्ता मी कसा सुधारला

नाशिकमधील आमच्या मंगल कार्यालयाच्या जुन्या माहितीपत्रकावर ‘क्षमता १०००’ एवढेच छापलेले असल्याने, हजार माणसे एकाच वेळी जेवतील असे समजून एका वधूपित्याने पत्रिका वाटल्या आणि ऐन मुहूर्तानंतर भोजनगृहाबाहेर गर्दी उसळली. म्हणून नव्या तक्त्यात मी क्षमतेच्या तीन ओळी केल्या: सभागृहात खुर्च्यांवर ६००, लॉनवर उभ्याने ४००, भोजनगृहात एका पंगतीला २५०. हजार जणांना चार पंगती लागतात, हे आता पाहताक्षणी कळते.

सुविधांसमोर नुसती बरोबरची खूण न करता ‘खोल्या ६’, ‘जनरेटर आहे, डिझेल वेगळे’ असे लिहिले. भांडणे बहुधा डिझेलवरूनच होतात.

तीन घड्यांच्या आडव्या ए-४ कागदावर पहिल्या छपाईत घडी नेमकी दरांच्या आकड्यांवर आली. त्यामुळे आतल्या बाजूचे स्तंभ मी घड्यांप्रमाणेच आखले: सुविधा १०० मिमी, एक दिवसाचे पॅकेज १०० मिमी आणि हळदीसह दोन दिवसांचे ९७ मिमी, कारण आत दुमडणारी बाजू किंचित अरुंद ठेवावी लागते.