माल अडकला? तारखेआधी पुढच्या निरोपाची वेळ कळवा

पूर आला किंवा वाहतूकदारांचा संप झाला की आपण ग्राहकाला ‘लवकरात लवकर पाठवतो’ असं कळवतो आणि मग दिवसभर ‘कुठवर आलं?’ असे फोन घेत बसतो.

१. आधी ऑर्डरी वेगळ्या करा: वाटेत गाडीत अडकलेल्या आणि अजून गोदामात असलेल्या. दोघांना एकच निरोप नको. गोदामातल्या मालाला दुसरा मार्ग देता येतो, गाडीतल्याला बहुधा नाही.

२. तारीख ठोकून देऊ नका. रस्ता खुला झाल्यापासून किती दिवस लागतील ते सांगा, तुंबलेल्या गाड्यांसाठी एक दिवस जास्त धरून.

३. पुढचा निरोप कधी, त्याची नेमकी वेळ द्या. फोन थांबतात ते यानेच.

नमुना:

“नमस्कार. संपामुळे तुमच्या ४० खोक्यांपैकी २५ खोकी वाटेत गाडीत आहेत. माल सुरक्षित आहे. वाहतूक सुरू झाल्यावर तीन दिवसांत पोचतील. उरलेली १५ गोदामात आहेत. ती रेल्वेने पाठवू शकतो, जादा भाडं आम्ही भरू. हवं असल्यास आज चारपर्यंत कळवा. पुढचा निरोप उद्या सकाळी ११ वाजता.”

उद्या नवीन काही नसलं तरी ११ वाजता ‘स्थिती तीच’ एवढं तरी पाठवाच.

एक काळजी घ्या: करारात आपत्ती किंवा संपाचं कलम असेल तर बहुधा ठरावीक मुदतीत लेखी सूचना द्यावी लागते. नुसत्या फोनवर भागवू नका, त्याच दिवशी ईमेलही करा.