सेंद्रिय पदार्थ जाळून मोजताय? १.७२४ ने भागण्याआधी या चुका टाळा

एका तांबड्या चिकणमातीच्या नमुन्याचा सेंद्रिय कर्ब, माती फर्नेसमध्ये जाळून घटलेल्या वजनावरून काढलेला, आमच्या शीटवर ७.०५ टक्के आला होता. तोच नमुना कर्ब थेट मोजणाऱ्या ड्राय कम्बशनच्या मशीनवर घातला तर १.८ टक्के. आधी मला वाटलं नमुनेच अदलाबदल झालेत, म्हणून परत सगळं केलं, तरी तेच. मग एकेक पायरी उलटी तपासत गेलो तेव्हा कळलं की फर्नेस ठीक, वजनकाटा ठीक, चुका दोनच, आणि त्या दोन्ही आम्ही केलेल्या. एक चूक हिशोबाची होती, दुसरी समजुतीची. समजुतीची जास्त महागात पडते कारण ती प्रत्येक नमुन्यात गुपचूप बसलेली असते.

आकडे देतो म्हणजे पटेल. रिकामी क्रुसिबल २८.४१२ ग्रॅम. हवेत वाळवलेली, २ मिमी चाळणीतून काढलेली माती घालून ३३.४१२, म्हणजे माती ५.००० ग्रॅम. रात्रभर १०५ अंशाला ओव्हनमध्ये ठेवून डेसिकेटरमध्ये थंड केल्यावर ३३.२१२. मग ५५० अंशाला ४ तास, थंड करून ३२.८०४.

आम्ही काय केलं, तर ३३.४१२ मधून ३२.८०४ वजा केले, आले ०.६०८, ते ५.००० ने भागलं, १२.१६ टक्के, आणि त्याला १.७२४ ने भागून ७.०५. इथे ओलावाच सेंद्रिय पदार्थ म्हणून धरला गेला. हवेत वाळलेली माती कोरडी नसते, या नमुन्यात ४ टक्के पाणी होतं. सुरुवातीचं वजन नेहमी १०५ नंतरचं घ्यायचं, आणि भागायचंही त्याच कोरड्या वजनाने:

```
LOI = (W105 - W550) / W105 × 100
```

इथे LOI, म्हणजे एलओआय, ही जाळून घटलेल्या वजनाची टक्केवारी, आणि W105 आणि W550 ही क्रुसिबल वजा करून उरलेली मातीची वजनं. म्हणजे ०.४०८ भागिले ४.८००, ८.५ टक्के. १.७२४ ने भागलं तर ४.९३ टक्के कर्ब. अजूनही खऱ्याच्या पावणेतीन पट! म्हणजे हिशोबाची चूक काढूनसुद्धा मोठा भाग तसाच राहिला.

आता समजुतीची चूक. एलओआय म्हणजे जाळल्यावर किती वजन गेलं ते, सेंद्रिय पदार्थ किती होता ते नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून आपण थेट फॅक्टर लावतो. १.७२४ चा अर्थ फक्त एवढाच की सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो असं धरलंय, १ भागिले ०.५८. तो फॅक्टर सेंद्रिय पदार्थाचा आहे, घटलेल्या वजनाचा नाही. आणि चिकणमातीत वजन घटायला अजून एक कारण असतं, ते म्हणजे खनिजांच्या रचनेत बांधलेलं पाणी. हे ओलावा नाही, १०५ ला ते जात नाही. केओलिनाइट हे खनिज साधारण ४५० ते ६०० अंशाच्या पट्ट्यात हे पाणी सोडतं आणि पूर्ण सोडलं तर त्याचं सुमारे १४ टक्के वजन जातं. ५५० अंशाला ४ तास म्हणजे आपण बरोबर त्या पट्ट्यात बसलोय.

आमच्या नमुन्याला हे लावून बघा. मातीत चिकणकण ४५ टक्के, त्यात बराचसा केओलिनाइट, समजा एकूण मातीच्या ३५ टक्के. ३५ गुणिले ०.१४ म्हणजे ४.९ टक्के वजन नुसतं पाण्याचं गेलं. ८.५ मधून ४.९ वजा, उरले ३.६ टक्के, हा सेंद्रिय पदार्थ. त्याचा निम्मा कर्ब धरला तर १.८. मशीनने दिलेला आकडा हाच, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अर्थात ३५ टक्के हा अंदाज आहे, खनिजांचं प्रमाण माहीत नसताना असं वजा करून रिपोर्ट द्यायचा नसतो, पण घोटाळा कुठे आहे ते दाखवायला हे पुरतं.

निम्मा का धरला, ५८ टक्के का नाही, हे विचाराल. १.७२४ हा फॅक्टर एकोणिसाव्या शतकातला, व्हॅन बेमेलेनच्या नावाने ओळखला जातो, आणि तो सगळ्या मातींना एकसारखा लागू होतो याचा भक्कम पुरावा कधीच नव्हता. २०१० साली प्रिबिलने जुनी मापनं एकत्र तपासली तेव्हा बऱ्याच मातींना २ च्या जवळचा फॅक्टर जास्त बरोबर बसतो असं त्याने मांडलं. मी स्वतः खनिज मातीला काहीच माहिती नसेल तर २ घेतो, आणि रिपोर्टवर लिहून ठेवतो कुठला घेतला ते. नाहीतर पुढचा माणूस आपला कर्बाचा आकडा १.७२४ ने गुणून परत सेंद्रिय पदार्थ काढतो आणि आपण भागलं होतं २ ने, म्हणजे मूळ आकडाच परत येत नाही. पण एक लक्षात ठेवा, १.७२४ की २ या वादातला फरक फक्त १६ टक्क्यांचा आहे, आणि खनिजाच्या पाण्याने आमच्याकडे आकडा दुपटीहून जास्त फुगला होता. लोक फॅक्टरवर तासन्‌तास भांडतात आणि पाण्याकडे बघतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग उपाय काय. सगळ्यात भरवशाचा म्हणजे आपल्या मातीसाठी आपलंच समीकरण बनवणं. एकाच प्रकारच्या मातीचे, कमी ते जास्त सेंद्रिय पदार्थ असलेले २५-३० नमुने घ्या, त्यांचा एलओआय काढा आणि त्याच नमुन्यांचा सेंद्रिय कर्ब ड्राय कम्बशनवर. मातीत चुना असेल तर आधी ॲसिड देऊन तो काढा, नाहीतर चुन्यातला कर्बही सेंद्रिय म्हणून मोजला जाईल. मग ग्राफ काढून सरळ रेषा बसवा. आमच्यासारख्या मातीत ती अशी काहीतरी येईल, कर्ब = ०.५० × एलओआय − २.४५. ८.५ घालून बघा, १.८ येतं. त्या वजा २.४५ मध्येच खनिजाचं पाणी बसलंय, ४.९ चा निम्मा. म्हणून एक्सेलमध्ये रेषा बसवताना शून्यातून जाणारी रेषा हा पर्याय चुकूनही टिक करू नका, तो टिक केला की ही माहितीच पुसली जाते आणि आपण परत एकाच फॅक्टरवर येतो.

एकच फॅक्टर का चालत नाही ते याच समीकरणात दिसतं. एलओआय ६ टक्के असेल तर कर्ब ०.५५, म्हणजे भागायचा आकडा जवळपास ११. एलओआय २० असेल तर कर्ब ७.५५, भागायचा आकडा २.६५. माती तीच, पाणी तेवढंच, पण सेंद्रिय पदार्थ कमी असला की पाण्याचा वाटा मोठा दिसतो. म्हणून कमी कर्बाच्या चिकणमातीत ही पद्धत सगळ्यात जास्त फसवते, आणि दलदलीतल्या सेंद्रिय मातीत, जिथे ८०-९० टक्के जळून जातं, तिथे पाण्याचा त्रास जवळजवळ जाणवत नाही. समीकरणसुद्धा त्याच मातीपुरतं. वाळूसर मातीचं चिकणमातीला लावू नका, आणि वरच्या थराचं खोल थराला लावतानाही आधी चार नमुने तपासून घ्या, कारण खाली जाताना चिकण वाढते.

दुसरा मार्ग तापमान कमी करायचा. ३६० अंशाला २ तास. त्याच नमुन्यात ०.१६८ ग्रॅम गेले, म्हणजे ३.५ टक्के, २ ने भागून १.७५, बरंच जवळ. केओलिनाइट या तापमानाला पाणी सोडत नाही म्हणून. पण हे ऐकून लगेच सगळीकडे ३६० लावू नका. एक तर इतक्या कमी तापमानाला सगळा सेंद्रिय पदार्थ जळेलच असं नाही, विशेषतः कोळशासारखा भाग मागे राहतो. दुसरं म्हणजे गिब्साइट आणि गोथाइट ही ॲल्युमिनियम आणि लोहाची खनिजं आपलं पाणी ३६० च्या आतच सोडायला लागतात, त्यामुळे खूप झिजलेल्या लाल मातीत तिथेही आकडा फुगतो. जिप्सम असलेल्या मातीचं अजून वेगळं, त्याचं पाणी १०५ च्या आसपास अर्धवट जातं आणि उरलेलं पुढे जाळताना, म्हणून तिथे सुरुवातीचं वाळवणं १५० अंशाला करावं लागतं. म्हणजे ३६० ला केलं तरी समीकरण आपलंच हवं, आणि ५५० चं समीकरण ३६० च्या आकड्यांना कधीच लावायचं नाही, मी हे झालेलं बघितलंय.

फर्नेसमधल्या चुका त्यामानाने सोप्या पण त्रास देणाऱ्या. दाराजवळची क्रुसिबल आणि आतल्या कोपऱ्यातली यांना एकच तापमान मिळत नाही, डिस्प्लेवर ५५० दिसलं तरी. हे ओळखायचं कसं, तर एकाच मातीच्या सहा-आठ क्रुसिबल वेगवेगळ्या जागी ठेवून एक बॅच जाळा. जागेप्रमाणे आकडा सरकत असेल तर कडेच्या जागा वापरू नका. फर्नेस वर उडी मारत असेल, म्हणजे ५५० सेट केल्यावर ६५० च्या पुढे जाऊन खाली येत असेल, तर चुन्याच्या मातीत कार्बोनेटही सुटायला लागतं आणि तेही सेंद्रिय म्हणून धरलं जातं.

जाळल्यावर राखेचा रंग बघायची सवय लावा. विटकरी लाल आला तर घाबरू नका, ते लोहाचं ऑक्साइड. पण मधोमध काळा किंवा गडद राखाडी गोळा दिसला तर जळणं अर्धवट आहे, माती जास्त भरली होती किंवा हवा पोचली नाही. माती पातळ पसरा, परत तासभर जाळा, वजन अजून कमी झालं तर पहिला आकडा खोटा होता.

आणि थंड करताना. जळलेली माती हवेतला ओलावा ओढते. १ ग्रॅम माती घेतली आणि एलओआय २ टक्के असेल तर आपण मोजतोय फक्त २० मिलिग्रॅम, त्यात उघड्यावर ५ मिलिग्रॅम पाणी परत बसलं की आकडा चौथ्या हिश्श्याने कमी. म्हणून ५ ग्रॅम घ्या, डेसिकेटरमध्येच थंड करा, सिलिका जेलचा रंग बदललाय का बघा, आणि डेसिकेटरमधून एकेक क्रुसिबल काढून लगेच वजन घ्या, दहा एकदम टेबलावर मांडून नाही. रिकाम्या क्रुसिबलसुद्धा आधी ५५० ला जाळून घ्यायच्या. नंबर मार्करने लिहिला तर तो जळून जातो आणि मग बॅच गेली.

प्रत्येक बॅचमध्ये मी आता दोन गोष्टी ठेवतो, एक रिकामी क्रुसिबल आणि एक आपलीच जुनी, आकडा माहीत असलेली माती. रिकाम्या क्रुसिबलचं वजन बदललं किंवा जुन्या मातीचा एलओआय नेहमीपेक्षा हलला, तर त्या दिवशीचे कर्बाचे आकडे मी काढतच नाही, आधी बॅच परत जाळतो.