दोन बोटं जाड स्टेकची तयारी: अठ्ठावन्नला बाहेर काढायचा

शनिवारी रात्री जेवायचं असेल तर तयारी गुरुवारी सकाळी सुरू करायची, आणि ती कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून. २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे पुण्यात घरी स्टेक करायचा म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं मांस, ज्याला सगळे 'बफ' म्हणतात. त्यातला अंडरकट मागायचा. पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू जनावर फारसा वापरतच नाही, म्हणून तो मऊ राहतो. खाटकाला आधीच सांगायचं की दोन बोटं जाड, म्हणजे साधारण चार सेंटिमीटरचे, मधल्या भागातले दोन तुकडे हवेत आणि ठोकायचे नाहीत. हे शेवटचं दोनदा सांगायचं. मी एकदा सुट्टे पैसे काढायला मान खाली घातली, तेवढ्यात पलीकडे दणादण आवाज झाला आणि माझ्या स्टेकची पोळी झाली. ती चिली फ्रायला गेली, पण स्टेक हुकला तो हुकलाच.

गुरुवारीच का, तर पहाटे कापलेलं मांस सकाळी ताठरलेलं असतं. ते त्याच रात्री तव्यावर टाकलं तर कितीही बेतानं भाजा, चिवटच लागतं. दोन दिवस फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात राहिलं की ते सैल पडतं. शुक्रवारी रात्री तुकडे टिपून कोरडे करायचे आणि मीठ लावायचं. पाव किलोच्या एका तुकड्याला अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा लहान चमचा, सगळ्या बाजूंनी. मग ताटलीवर जाळी, जाळीवर तुकडे, आणि झाकण न घालता फ्रिजमध्ये खालच्या फळीवर. घरात कुरकुर होईल, म्हणून दही-दूध वर आणि झाकून ठेवायचं. झाकण घालायचं नाही ते मुद्दामच. रात्रभरात वरचा थर कागदासारखा कोरडा होतो, आणि पुढचं सगळं त्या कोरडेपणावर अवलंबून आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तो शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस तपकिरी रंग धरायला एकशेचाळीसच्या आसपास जावं लागतं. ओला तुकडा तव्यावर भाजत नाही, वाफवला जातो. मिरपूड आत्ता नको, ती तव्यावर करपून कडू होते.

आता थर्मामीटर. तो नसेल तर हा बेत पुढे ढकलावा, इतक्या स्पष्टपणे सांगतो. बोटाने दाबून ओळखण्याची पद्धत रोज पन्नास स्टेक करणाऱ्याला जमते, वर्षातून चारदा करणाऱ्याला नाही. टोकदार सुईचा डिजिटल थर्मामीटर पुरतो, फक्त तो फॅरनहाइटवर लावलेला नाही ना ते बघायचं. शनिवारी दुपारी त्याची परीक्षा घ्यायची. पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून सुई मधोमध धरायची, शून्य यायला हवं. मग उकळत्या पाण्यात धरायची. इथे पुण्यात लोक फसतात: शंभर येत नाही म्हणून थर्मामीटर परत करायला निघतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे, इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. अठ्ठ्याण्णव दाखवत असेल तर यंत्र शहाणं आहे.

आकड्यांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवायचा. हे सगळे तुकड्याच्या गाभ्याचे, विसाव्यानंतरचे आकडे. पन्नास अंशांच्या आसपास रेअर: आत गडद लाल, मऊ आणि जरा लिबलिबीत, मांस अजून घट्ट व्हायला लागलेलं नाही. चोपन्न ते सत्तावन्न मीडियम रेअर: लाल, कोमट, आणि दाताखाली नीट तुटणारं. साठ ते त्रेसष्ट मीडियम: मधोमध गुलाबी, रस भरपूर. पासष्ट ते अडुसष्ट मीडियम वेल: गुलाबीची नुसती खूण. एकाहत्तर आणि पुढे वेल डन: आतबाहेर एकच रंग. साठच्या पुढे स्नायूंभोवतीची आवरणं आक्रसायला लागतात आणि रस पिळून बाहेर ढकलतात. चरबी मांसात बारीक विखुरलेली असेल तर ती थोडी भरपाई करते, पण बफ कमी चरबीचं असतं. म्हणून परदेशी पाककृतीत वेल डन जितकं कोरडं होतं, त्याहून आपल्याकडे जास्त होतं. रंगावरही भिस्त ठेवायची नाही. बफ मुळातच गडद असतं, त्यामुळे ते कापून 'अजून कच्चं आहे' म्हणत परत आत ढकललं जातं आणि त्याचा लाकडी ठोकळा होतो.

कुठला आकडा निवडायचा? अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी त्रेसष्ट अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा अशी आहे. जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तवा त्यांचा बंदोबस्त करतो, म्हणून जगभर लोक याहून कमीवरही खातात. पण ते गणित न टोचलेल्या, न ठोकलेल्या तुकड्याचं आहे. हातोडीने ठोकलं किंवा सुयांनी टोचलं की वरचं आत जातं. शिवाय गाई-म्हशींच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी स्नायूच्या आतही असू शकतात, त्यांच्यापर्यंत तव्याची धग पोचत नाही. आपल्या मंडईतून आणलेल्या मांसासाठी मी त्रेसष्टवर थांबतो. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस ताटावर असेल तर त्याच्या खाली जायचा विचारही करत नाही. रेअरची हौस मी घरी पुरवत नाही.

मात्र कागदावर दुसरा आकडा जास्त ठळक लिहायचा: बाहेर कधी काढायचा. तुकडा ओव्हनमधून निघाला तेव्हा त्याची कड गाभ्यापेक्षा कितीतरी तापलेली असते, आणि ती उष्णता पुढची सात-आठ मिनिटं आत सरकत राहते. चार सेंटिमीटरच्या तुकड्यात, एकशेऐंशी अंशांच्या ओव्हननंतर, गाभा आणखी चार-पाच अंश चढतो. त्रेसष्ट हवं तर अठ्ठावन्नला काढायचा. त्रेसष्ट दिसेपर्यंत थांबलात तर ताटात अडुसष्ट येतं. बहुतेक बिघडलेले स्टेक इथेच बिघडतात, तव्यावर नाही.

शनिवारी संध्याकाळची मांडणी. ओटीजी वीस मिनिटं आधी एकशेऐंशीवर, वरखाली दोन्ही कॉइल चालू. बटणावरचा आकडा आणि आतली धग यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून वेळेवर नाही, सुईवर विश्वास. बिडाचा तवा घ्यायचा, नॉनस्टिक नाही: त्याचा लेप इतक्या धगीसाठी नाही, आणि तो धग साठवूनही ठेवत नाही. तवा ओटीजीत मावत नसेल तर जबरदस्ती नको, आतल्या ट्रेवर जाळी ठेवून तुकडे तिच्यावर हलवायचे. मावत असेल आणि दांडा लोखंडी असेल, तर बाहेर काढल्याबरोबर दांड्यावर जाड फडकं गुंडाळून ठेवायचं. ओव्हनमधला तवा शेगडीवर आला की हात सवयीने दांड्याकडे जातो. माझ्या तळव्यावर महिनाभर त्याची पट्टी होती. चिमटा हाताशी, रिफाइंड शेंगदाणा तेल, खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, आणि स्वयंपाकघराचं दार बंद. धूर होणारच. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारायला यावं लागू नये.

गेल्या वेळी आत्या जेवायला होती. तिला वेल डनच हवा असतो, वाद घालायचा नाही. मला त्रेसष्ट. एकच ओटीजी, म्हणून आधी आत्याचा तुकडा. तवा मोठ्या आचेवर पाच मिनिटं, तेलाच्या धुराची पहिली रेघ दिसली की तुकडा टाकला. दोन मिनिटं हात लावला नाही. लवकर उचलायला गेलं की चिकटतो, नीट भाजला की आपणच सुटतो. उलटून दोन मिनिटं, मग चिमट्यात उभा धरून कडा, आणि थेट ओटीजीत. तवा परत तापवून माझा तुकडा तसाच भाजला, आणि आत्याच्यानंतर पाच मिनिटांनी आत ठेवला. भाजल्यावर आतला रस कोंडला जातो हा जुना समज खरा नाही. तव्याचं काम चवीचं आणि रंगाचं, गाभा तेव्हा जेमतेम पंचविसावर असतो.

सुई वरून खुपसायची नाही, कडेने आडवी मध्यापर्यंत घालायची. मग थोडी आत ढकलून हळूहळू मागे ओढायची आणि जो सगळ्यात कमी आकडा दिसेल तो गाभ्याचा धरायचा. माझा तुकडा सहाव्या मिनिटाला एकेचाळीस होता. नवव्याला बावन्न. इथे माणूस बेफिकीर होतो, कारण अजून बराच वेळ आहे असं वाटतं, पण या टप्प्यात मिनिटाला तीन-साडेतीन अंश चढतात. अकराव्याला अठ्ठावन्न दिसलं आणि काढला. आत्याचा त्याच्या मिनिटभर आधी अडुसष्टवर निघाला होता. दर वेळी दार उघडलं की ओटीजीची धग पडते, म्हणून पहिली पाच मिनिटं डोकावायचंच नाही.

दोन्ही तुकडे जाळीवर, सैल फॉइलखाली. घट्ट गुंडाळले तर वाफ धरून वरचा खरपूस थर ओला होतो. आता मिरपूड, आणि हवं तर लोण्याचा गोळा. बटाटे आधीच उकडून ठेवले असतील तर या आठ मिनिटांत त्याच तव्यावर परतून होतात. वहीत नोंद करायची, कारण प्रत्येक ओटीजीची चढ वेगळी असते. माझी त्या रात्रीची नोंद अशी आहे: माझा ५८ ला काढला, आठ मिनिटांनी ६३. आत्याचा ६८ ला काढला, ७२ वर थांबला. आत्या म्हणाली, मागच्यापेक्षा मऊ आहे. मागच्या वेळी मी ७२ दिसल्यावर काढला होता.