तपकिरी म्हणजे गावरान नव्हे: जर्मनीत अंडी घेताना

आपल्याकडून नर्सिंगच्या ट्रेनिंगला आलेलं प्रत्येक लेकरू पहिल्या आठवड्यात एकच चूक करतं. मागच्या महिन्यात परभणीची एक पोरगी माझ्यासोबत म्युनिकच्या दुकानात आली आणि सरळ तपकिरी अंड्यांचा डबा उचलून म्हणाली, "ताई, ही गावरान दिसतात." मीही लातूरची. गंजगोलाईत गावरान अंड्याला चार पैसे जास्त मोजत लहानाची मोठी झाले, त्यामुळे तिचं मन मला कळलं. पण इथे कवचाच्या रंगावर जाऊ नका. रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पांढरी अंडी देणारी जात असते, तपकिरी देणारी असते, आणि दोन्ही एकाच शेडमध्ये असू शकतात. आत पोषण सारखंच. बलकाचा गडद पिवळा रंगसुद्धा खाद्यातून येतो, मक्यातून किंवा झेंडूच्या अर्कातून. त्यावरून कोंबडी मोकळी फिरली की नाही हे कळत नाही.

ते कळतं अंड्यावरच्या शिक्क्यावरून. मी तिला डबा उघडायला लावला. अंड्यावर लाल शाईत 2-DE-09 असं सुरू होणारा आकडा होता. पहिला अंक कोंबडी कशी ठेवली ते सांगतो, पुढे देश, आणि त्यानंतरचे दोन अंक राज्याचे; ०९ म्हणजे आपलं बायर्न. पहिला अंक ० असेल तर सेंद्रिय, १ असेल तर मोकळं फिरणं, २ असेल तर पिंजरा नाही पण शेडमध्येच बंद, ३ असेल तर पिंजरा. म्हणजे तिच्या हातातली 'गावरान' अंडी शेडमधली निघाली. शेजारच्या पांढऱ्या अंड्यांवर १ होता.

हा १ कामाचा आहे का? माझ्या मते आहे, पण चवीसाठी नव्हे, कोंबडीसाठी. १ क्रमांकाच्या कोंबडीमागे बाहेर किमान ४ चौरस मीटर जागा असावी लागते. २ मध्ये शेडच्या आत एका चौरस मीटरवर ९ कोंबड्या चालतात. तरी आपल्या आजीच्या अंगणात उकिरडा उकरणारी कोंबडी डोळ्यासमोर आणू नका. हे हजारोंचे कळप असतात, आणि बर्ड फ्लूच्या साथीत सरकारी आदेशाने कोंबड्या आत कोंडल्या तरी शिक्का १ चाच राहतो. स्टायपेंड पुरत नसेल तर २ घ्या, तब्येतीला काही फरक पडत नाही. मी १ घेते.

डब्यावरचा 'ए' दर्जा बघून हुरळू नका. दुकानात विकायला येणारी अंडी ए दर्जाचीच असतात, बी दर्जाची कारखान्यांत जातात. एम, एल ही फक्त वजनं: एम ५३ ते ६३ ग्रॅमचं, एल ६३ ते ७३ चं.

आता ताजेपणा. डब्यावर तारीख असते ती घातल्याची नव्हे, कुठवर टिकतं त्याची, आणि ती घातल्यापासून जास्तीत जास्त २८ दिवसांची. बहुतेक डब्यांवर पूर्ण २८ दिवसच धरलेले असतात, म्हणून मागे मोजा. आम्ही ३ नोव्हेंबरला गेलो होतो. एका डब्यावर २४.११ होतं, म्हणजे अंडं २७ ऑक्टोबरचं, आठवडाभराचं. पुढच्या रांगेत १०.११ चा डबा होता, तो १३ ऑक्टोबरचा, तीन आठवडे झालेला. दुकानदार जुना माल पुढे मांडतात, म्हणून मागे हात घाला. मग डबा उघडून प्रत्येक अंडं खालून जरासं फिरवून बघा. जे फिरत नाही ते तळाशी फुटून पुठ्ठ्याला चिकटलेलं असतं. कानाशी हलवून बघायची आपली सवय सोडा, त्यातून नेमकं काही कळत नाही.

सगळ्यात ताजं अंडं नेहमी बरं असंही नाही. ऑम्लेट, हाफ फ्राय करायचं तर ताजंच हवं, पांढरं पसरत नाही. पण काळ्या मसाल्यातल्या अंडाकरीला उकडायचं असेल तर आठ-दहा दिवसांचं घ्या. दोन दिवसांच्या अंड्याचं टरफल पांढऱ्यासकट निघतं आणि अंडं खडबडीत होतं.

इथे अंडी दुकानात फ्रीजबाहेर मांडलेली दिसली तर घाबरू नका. इकडे ए दर्जाची अंडी धुत नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर जंतूंना अडवतो. म्हणून घरी आणूनही धुऊ नका, तसाच डबा फ्रीजमध्ये ठेवा आणि एकदा ठेवला की आतच राहू द्या. बाहेर काढला की कवचावर पाणी धरतं. तारीख उलटलीच तर अंडं वेगळ्या वाटीत फोडा, वास घ्या. वास ठीक असला तर नीट उकडून किंवा भुर्जी करून खा, कच्चं किंवा अर्धकच्चं मात्र नको.